मधोमध टेप लावून खिडकीच्या जाळीचं माप घेणाऱ्याला दारातूनच परत पाठवा (नागपूरचा अनुभव, १४,८५० रुपये गेले)

दुसऱ्यांचे आकडे तपासण्याचा मला पगार मिळतो. म्हणून हे लिहायला लाज वाटतेय, पण मानेवाडा भागात हा माणूस अजून फिरतोय, तर लिहितोच.

पावसाळा, शेजारच्या पोराला डेंग्यू, घरात सात महिन्यांची मुलगी. अशा वेळी कोण चार दुकानं फिरतं? खिडक्यांना जाळ्या बसवणारा गाडीवरून आला आणि मी बोलावलं. पाच खिडक्या, बिल्डरने एकाच मापाच्या म्हणून दिलेल्या. भाव १४० रुपये चौरस फूट.

त्याने हॉलच्या खिडकीच्या बरोबर मधोमध टेप लावला, एकदा आडवा, एकदा उभा, आणि तळहातावर पेनाने लिहिलं, "४ बाय साडेचार". बाकीच्या चार खिडक्यांकडे नुसतं पाहिलं. बायको म्हणाली, "भाऊ, वर-खाली पण घ्या नं माप." तो हसला, "ताई, वीस वर्षं झाली हेच करून राहिलो." आणि मी, शहाणा, तिलाच म्हणालो, "त्याला त्याचं काम करू दे." तो क्षण अजून रात्री आठवतो, डास चावला की हमखास.

पाच खिडक्यांचे ९० चौरस फूट, १२,६०० रुपये. ९,००० आगाऊ दिले.

आठवड्याने फ्रेम आल्या. एकही आत जाईना. मग साहेबांचं सुरू झालं, "तुमची भिंतच वाकडी आहे, कटिंगचे खिडकीमागे ४५० वेगळे लागतील." म्हणजे आणखी २,२५०. आगाऊ पैसे त्याच्याकडे, फ्रेम माझ्या मापाच्या, दुसऱ्या कुणाला त्यांचा उपयोग नाही. खेळ हाच आहे. त्याने हॅकसॉ काढून पट्ट्या कापल्या, कोपरे ठोकून बसवले, जाळी सैल पडली. मुलगी रडत होती, संध्याकाळ झाली होती, मी सगळे पैसे दिले. बिल मागितलं तर "जीएसटी लागेल मग".

दुसऱ्या दिवशी मी स्वतः टेप घेतला. हॉलच्या खिडकीची रुंदी वर १२०६ मिलिमीटर, मध्ये १२१२, खाली ११९८. प्लास्टर करणारा हाताने थापतो, खाली ओट्याचा ग्रॅनाइट आणि टाइल येतात, त्यामुळे असं होतंच, नवीन बांधकामातही. त्याने मधले १२१२ घेऊन ३ वजा केले असतील, कारण कापलेला तुकडा धरून आडवी पट्टी १२०९ भरली. खालच्या मापापेक्षा ११ मिलिमीटर जास्त! अरे, कशी जाणार?

जाळी खिडकीच्या आत बसणार असेल तर तिन्हीतलं सगळ्यात लहान माप धरायचं, ११९८, त्यातून ४ वजा, फ्रेम ११९४. उंचीही डावीकडे, मध्ये, उजवीकडे अशी तीनदा. माझी १३५२, १३४९, १३५५ आली, म्हणजे १३४९ धरून फ्रेम १३४५. मध्ये उरलेली फट सिलिकॉनने भरता येते. मोठी फ्रेम भिंतीत घुसवता येत नाही. आणि या मापाने खिडकी साधारण १७.३ चौरस फूट होते, त्याने १८ लावले. पाच खिडक्यांत जवळपास ५०० रुपये नुसत्या हवेचे.

दोन्ही कर्णही मोजा. माझे जवळपास सारखे निघाले, पण १० मिलिमीटरचा फरक आला तर खिडकी तिरकी आहे. मग रुंदी तिन्हीकडे सारखी असली तरी काटकोनातली फ्रेम कोपऱ्यात अडकेल. तेवढं आणखी कमी करा. चौकटीच्या आत बसणाऱ्या ग्रिललाही हेच लागू. फक्त जाळी बाहेरून भिंतीवर लावायची असेल तर उलटं: सगळ्यात मोठं माप, वर चारी बाजूंनी भिंतीवर टेकायला जागा.

पोलिसांकडे गेलो. "हे दिवाणी आहे." मी म्हणालो, पैसे काढून घेतले. "काम तर केलं नं त्याने?" अर्धा तास बाकावर बसवून हे ऐकवलं. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर पहिला प्रश्न दुकानाचं नाव काय, दुसरा बिल कुठे आहे. नाव नाही, बिल नाही, फोन नंबर आता बंद. तीन वेळा फोन केला, तीन वेगळ्या माणसांना पहिल्यापासून सांगितलं, शेवटी "पुरावा अपुरा" असा मेसेज. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही म्हणे. पण दावा कुणावर लावू, तळहातावर?

माप मिलिमीटरमध्ये, प्रत्येक खिडकीचं वेगळं, कागदावर, त्याच्या सहीने घ्या. टेप खिडकीला लावलेला असताना फोटो काढा. टाइल, ग्रॅनाइट बसायच्या आधीचं माप धरू नका. अर्ध्यापेक्षा जास्त आगाऊ नको, बाकी फ्रेम आत बसल्यावरच.

बेडरूमच्या जाळीला वर ५ मिलिमीटरची फट आहे, सध्या तिच्यात कापूस कोंबलाय.