संकरित नेपिअरच्या कांड्या म्हणून 59,700 रुपयांना गळ्यात मारलेला कचरा

एक एकर बारमाही चारा लावण्यासाठी मी एका विक्रेत्याला कांड्यांचे 50,000 रुपये, वाहतुकीचे 6,500 रुपये आणि ‘मुळ्यांचे टॉनिक’ म्हणून 3,200 रुपये, असे एकूण 59,700 रुपये दिले. त्याच्या बदल्यात माझ्या शेतात आज जे उभे आहे, ते संकरित नेपिअर नसून बहुतांशी जुने गजराज गवत आहे. आगाऊ रक्कम, खास वाणाचे भारदस्त नाव, सहा महिन्यांनी कांड्या परत विकत घेण्याची हमी हा सगळा प्रकार वाचकांना नवा नाही. म्हणून मी त्यात वेळ न घालवता, त्याने सांगितलेले कोणते आकडे खोटे होते आणि ते खोटे कसे ओळखता आले असते, एवढेच लिहितो.

पहिला खोटा आकडा कांड्यांच्या संख्येचा होता. दोन फूट बाय एक फूट अंतराने लावा आणि एकरी 20,000 कांड्या घ्या, असे त्याने सांगितले. संकरित नेपिअर एकदा लावले की तीन-चार वर्षे त्याच जागी राहते आणि प्रत्येक कापणीनंतर ठोंब रुंदावत जातो, त्यामुळे दोन ओळींत 90 सेंटिमीटर आणि दोन कांड्यांत 60 सेंटिमीटर हे अंतर त्याला लागतेच. या हिशेबाने एकरी सुमारे 7,500 कांड्या पुरतात. दाट लावल्याने उत्पादन तिप्पट होत नाही. फुटवे एकमेकांच्या सावलीत बारीक राहतात आणि पहिल्या वर्षातच आत शिरून खुरपणी करणे कठीण होते. अडीच रुपये दराने माझ्याकडून 12,500 कांड्यांचे, म्हणजे 31,250 रुपये निव्वळ चुकीच्या अंतराच्या नावाखाली काढले गेले.

दुसरा आकडा उत्पादनाचा होता. ‘दर तीस दिवसांनी कापा, वर्षात बारा कापण्या, एकरी 200 टन’ असे त्याच्या पत्रकात छापलेले होते. फुले जयवंतसारख्या वाणाची पहिली कापणी लागवडीनंतर नऊ ते दहा आठवड्यांनी आणि पुढच्या कापण्या सहा ते आठ आठवड्यांनी करायच्या असतात. म्हणजे वर्षभर पाणी असले तरी सहा ते आठ कापण्या मिळतात आणि थंडीत वाढ मंदावल्याने त्यातली एखादी लांबते. चांगल्या जमिनीत कापणीला दहा-बारा टन धरले, तर सात कापण्यांचे एकरी 70 ते 85 टन होतात, आणि तेही खत-पाण्यात कसूर झाली नाही तरच. तीस दिवसांनी कापत राहिल्यास चारा पाणचट मिळतो आणि मुळांत साठा होण्याआधीच पाने गेल्याने ठोंब खचतात. त्याच पत्रकात 18 टक्के प्रथिने लिहिली होती. वेळेवर कापलेल्या या गवतात शुष्क भागाच्या आठ ते दहा टक्के प्रथिने असतात, त्यामुळे हा आकडाही फुगवलेलाच होता.

आता ज्या क्षणाचा मला आजही संताप येतो, त्याविषयी लिहितो. गाडी अंधार पडताना आली. चालकाला परतायची घाई होती आणि उरलेले 25,000 रुपये व भाडे हातात पडल्याशिवाय तो पोती उतरवायला तयार नव्हता. पैसे दिल्यावर पहिले पोते उघडले, तर आत हात घालताच गरम वाफ लागली. कांड्यांची टोके तपकिरी पडली होती, अनेक कांड्यांना एकच डोळा होता आणि काहींचे डोळे नखाने खरवडल्यावर आत काळे निघाले. लावण्याजोगी कांडी सुमारे तीन महिने वाढलेल्या ताटाच्या खालच्या व मधल्या भागातली, दोन डोळ्यांची आणि आतून हिरवट, ओलसर असते. शेंड्याकडचा कोवळा भाग कुजतो. एका कांडीला चिकटलेल्या वाळक्या पानाची कड करवतीसारखी धारदार होती आणि देठाच्या आवरणावर टोचणारी लव होती. गजराज गवताची ती ओळख माझ्या डोळ्यांसमोर होती. पण शेत तयार होते, मजूर सकाळी येणार होते आणि नुसत्या कांडीवरून वाण ठामपणे सांगणे जाणकारालाही अवघड जाते. रात्रीच्या वेळी, पैसे देऊन झाल्यावर, शेतकऱ्याने आणखी काय करायला हवे होते, हे मला कोणीतरी सांगावे. तुम्ही मात्र पोते उघडून पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका आणि माल दिवसाउजेडीच उतरवून घ्या.

लागवडीत आम्ही काहीही कमी केले नाही. टॉनिक असल्यावर शेणखत लागत नाही, असे विक्रेता म्हणत होता. तरीही एकरी दहा टन कुजलेले शेणखत घातले, लागवडीच्या वेळी 20 किलो नत्र, 20 किलो स्फुरद आणि 16 किलो पालाश दिले. कांड्या तिरप्या, एक डोळा मातीत आणि एक वर ठेवून ओलीत लावल्या. पंधरवड्यात कोंब दिसायला हवे होते, पण 20,000 पैकी जेमतेम 8,500 कांड्या फुटल्या. जे वाढले त्याची ताटे बारीक, टणक आणि पाने खरखरीत निघाली. कुट्टी करून टाकली तरी जनावरे ताटांचे तुकडे गव्हाणीतच ठेवतात. प्रत्येक कापणीनंतर एकरी दहा किलो नत्र, म्हणजे जवळपास 22 किलो युरिया, मी आता या गवतावर खर्च करतो आहे.

तक्रारीचा अनुभव फसवणुकीपेक्षा वाईट आहे. पहिल्या कार्यालयात सांगितले, ‘कांड्या म्हणजे बियाणे नव्हे, आमच्याकडे येत नाही.’ 1966 च्या बियाणे कायद्यातील व्याख्येत वैरण पिकांची बेणी आणि कलमे स्पष्टपणे समाविष्ट आहेत. तो उतारा पुढे केल्यावर त्यांनी वाण अधिसूचित आहे का, असे विचारले. विक्रेत्याने मनाने ठेवलेले नाव कोणत्या यादीत सापडणार? पोलिसांनी हा दिवाणी व्यवहार असल्याचे सांगून बोळवण केली. तिथे पावती मागितली, तर विक्रेत्याच्या कागदावर फक्त ‘चारा’ एवढेच लिहिलेले निघाले. पाहणीसाठी समिती आली, तेव्हा पहिली कापणी होऊन गेली होती, आणि पंचनाम्यात ‘पीक उभे आहे’ असा शेरा मारून ती निघून गेली. कोणते पीक उभे आहे, हा एकच प्रश्न होता आणि तोच कोणी लिहून घेतला नाही. त्यामुळे तुमच्यावर अशी वेळ आली तर पंधराव्या दिवशीच, न फुटलेल्या कांड्या जागेवर असताना, लेखी तक्रार करून पोच घ्या. पावतीवर वाणाचे नाव, कांड्यांची संख्या आणि डोळ्यांची संख्या लिहून घेतल्याशिवाय रक्कम देऊ नका.

नेपिअर आणि बाजरी यांचा हा संकर वांझ असतो, त्याला उगवणारे बी धरत नाही. त्यामुळे त्याचे ‘बियाणे’ पाकिटातून विकणारा माणूस थेट खोटे बोलतो. हे गवत कांड्यांपासूनच वाढवता येते, आणि याच कारणाने हजारो कांड्या विकत घेण्याची गरजही नसते. कृषी विद्यापीठाकडून किंवा ज्याच्या शेतातले उभे पीक स्वतः पाहिले आहे अशा शेतकऱ्याकडून फुले जयवंत किंवा डीएचएन-6 च्या दोनशे कांड्या आणून कोपऱ्यात लावा आणि तीन महिने कापू नका. त्यातले दीडशे ठोंब जगले, प्रत्येकाला दहा जाड ताटे आली आणि ताटाला पाच कांड्या निघाल्या, तरी 7,500 होतात. मी उरलेल्या ठोंबांमधून गजराज उपटून काढतो आहे आणि त्या ओळी अशाच घरच्या बेण्याने भरणार आहे.