ब्रॅकेट आणि ओसीओ: अर्धा माल विकल्यावर स्टॉपचं काय होतं?

₹500 ला 300 शेअर घेतले. स्टॉप ₹490. अर्धा माल ₹510 ला विकायचा, उरलेला ₹530 ला, आणि पहिला अर्धा गेला की उरलेल्याचा स्टॉप खरेदीभावावर, म्हणजे ₹500 वर आणायचा. असा आराखडा बहुतेकांच्या वहीत असतो. तो स्ट्रॅटेजीत उतरवताना खरा प्रश्न असा येतो की टार्गेट आणि स्टॉप यांची एकमेकांशी गाठ कशी मारायची. त्याच्या तीन वाटा आहेत. एनएसईवर कॅशमध्ये काम करणाऱ्यानं त्यातली कोणती घ्यावी, ते हाच सौदा धरून पाहू.

पहिली वाट: मालाचे दोन तुकडे करायचे आणि प्रत्येकाला स्वतःचं पूर्ण ब्रॅकेट द्यायचं. 150 ला स्टॉप आणि ₹510 चं टार्गेट, दुसऱ्या 150 ला स्टॉप आणि ₹530 चं टार्गेट. दुसरी वाट: 300 चा एकच स्टॉप आणि त्यासमोर 150-150 ची दोन टार्गेट. टार्गेट जेवढं भरेल तेवढा स्टॉप कमी करायचा. तिसरी: हे सगळं ब्रोकरच्या जीटीटी-ओसीओवर, म्हणजे भाव ट्रिगरला येईपर्यंत ब्रोकरकडे थांबणाऱ्या ऑर्डरींच्या जोडीवर, सोपवायचं.

दुसरी वाट दिसायला सगळ्यात सुटसुटीत, आणि घोळही तिथेच सगळ्यात जास्त होतो. ओसीओचा साधा अर्थ 'एक लागली की दुसरी रद्द'. दोन्ही पाय एकाच संख्येचे असतील तर तो बरोबर चालतो. इथे मात्र स्टॉप 300 चा आणि टार्गेट 150 चं. ₹510 लागलं की हा नियम सगळा स्टॉपच उडवतो आणि उरलेले 150 शेअर उघडे पडतात. म्हणून कुणी गाठच मारत नाही, तर ते त्याहून वाईट. टार्गेट लागून 150 विकले गेले, स्टॉप तसाच 300 चा राहिला, भाव ₹490 ला आला की 150 शेअर जास्तीचे विकले जातात. इंट्राडेत ही नकळत झालेली शॉर्ट पोझिशन असते. ती त्याच दिवशी बंद केली नाही तर पुढे शेअर देता येत नाहीत आणि ऑक्शनचा भुर्दंड बसतो.

या वाटेला हवा तो नियम 'रद्द' नव्हे, 'कमी कर' हा आहे. ट्रेडिंगव्ह्यूच्या पाइन स्क्रिप्टमध्ये दोन्ही वेगळे आहेत: `strategy.oca.cancel` आणि `strategy.oca.reduce`. `strategy.exit()` मधून निघालेला स्टॉप आणि लिमिट आपोआप दुसऱ्या प्रकारात बांधलेले असतात. `strategy.order()` वापरून स्वतः ऑर्डरी टाकल्या तर गाठ आपणच मारायची, नाहीतर वरचा जास्तीचा विक्रीचा प्रकार बॅकटेस्टमध्येसुद्धा घडतो. परदेशात राहून इंटरॅक्टिव्ह ब्रोकर्स वापरणाऱ्यांना हा फरक `ocaType` मध्ये भेटेल. 1 म्हणजे रद्द, 2 आणि 3 म्हणजे कमी कर. 1 आणि 2 मध्ये गटातली एका वेळी एकच ऑर्डर बाजारात पाठवून जास्तीची विक्री टाळली जाते, 3 मध्ये ते संरक्षण नाही. आपल्याकडच्या किरकोळ ब्रोकर एपीआयवर 'कमी कर' हे काम जवळपास नेहमी आपल्याच कोडला करावं लागतं.

म्हणून दोन-तीन तुकडे असतील तर माझा कौल पहिल्या वाटेला. पाइनमध्ये ती अशी दिसते (`goLong` ही तुमची खरेदीची अट, ₹500 च्या शेअरला टिक 5 पैशांचा, म्हणून ₹10 म्हणजे 200 टिक):

```
if goLong and strategy.position_size == 0
    strategy.entry("L", strategy.long, qty = 300)
    strategy.exit("X1", "L", qty = 150, loss = 200, profit = 200)
    strategy.exit("X2", "L", qty = 150, loss = 200, profit = 600)

if strategy.position_size == 150
    strategy.exit("X2", "L", qty = 150,
         stop = strategy.position_avg_price, profit = 600)
```

पहिल्या भागात `stop` ऐवजी `loss` मुद्दाम दिला आहे. स्टॉप `strategy.position_avg_price` वरून काढला तर खरेदी होईपर्यंत ती किंमतच अस्तित्वात नसते. मग एक्झिट पुढच्या बारपासून लागू होते आणि खरेदीच्याच बारमध्ये भाव कोसळला तर बॅकटेस्टला पत्ताही लागत नाही. टिकमध्ये दिलेला स्टॉप खरेदी भरल्याक्षणी जागा होतो.

`qty` विसरलात तर पहिली `strategy.exit()` सगळी पोझिशन राखून ठेवते आणि दुसरीच्या वाट्याला काहीच उरत नाही. ट्रेडच्या यादीत X2 कधीच दिसत नसेल तर आधी हे तपासा.

पहिल्या वाटेचा तोटा म्हणजे स्टॉप लागला की एकाऐवजी दोन ऑर्डरी भरतात, त्यामुळे दर ऑर्डरमागे ब्रोकरेज घेणाऱ्याकडे खर्च दुप्पट. आणि प्रत्यक्ष बाजारात टार्गेट अर्धवट भरण्याचा प्रश्न इथेही सुटत नाही. ₹510 ला 150 पैकी 60 च गेले आणि भाव वळला, तर त्या तुकड्याचा स्टॉप 90 वर आणावाच लागतो. फरक एवढाच की कोड चुकला तरी नुकसान त्या एका तुकड्यापुरतं राहतं, दुसऱ्याच्या स्टॉपला धक्का लागत नाही. पाइनचा बॅकटेस्ट ऑर्डर भरली तर पूर्णच भरली असं धरतो, त्यामुळे ही परिस्थिती तिथे कधीच उभी राहत नाही.

स्टॉपची संख्या किंवा भाव बदलताना जुनी ऑर्डर रद्द करून नवी टाकू नका, तीच ऑर्डर मॉडिफाय करा. रद्द आणि नवी यांच्या मधल्या क्षणात माल उघडा असतो, आणि नेमकी नवी ऑर्डर रिजेक्ट झाली तर तो उघडाच राहतो. मॉडिफाय करण्याआधी ब्रोकरकडून नेट पोझिशन वाचून घ्या, आपल्या कोडमधल्या व्हेरिएबलवर भिस्त ठेवू नका.

आता गॅप. तिन्ही वाटांचा खरा कस इथे लागतो.

समजा टार्गेट लागलंच नाही, 300 शेअर रात्रभर हातात राहिले आणि सकाळी 9:15 ला भाव ₹478 ला उघडला. मधल्या ₹490 ला सौदाच झाला नाही. प्रामाणिक बॅकटेस्ट इंजिन स्टॉप ₹478 ला भरतं. पाइन तसंच करतो. तोटा ₹3,000 ऐवजी ₹6,600, म्हणजे ठरवलेल्या जोखमीच्या 2.2 पट. घरी लिहिलेल्या अनेक इंजिनांत मात्र `low <= stop` दिसलं की स्टॉपच्याच भावाला विक्री मांडली जाते. ओळखायची खूण सोपी: रोजच्या बारवर काही वर्षांचा टेस्ट घ्या आणि स्टॉपवर निघालेल्या सौद्यांचा भाव स्टॉपशी जुळवून पाहा. एकही सौदा स्टॉपखाली गेलेला नसेल तर इंजिन खोटं बोलतंय.

खरेदीभावावर आणलेल्या स्टॉपचंही असंच. पहिला अर्धा ₹510 ला गेला, ₹1,500 मिळाले, उरलेल्या 150 चा स्टॉप ₹500. दुसऱ्या दिवशी भाव ₹486 ला उघडला तर त्यावर ₹2,100 गेले आणि एकूण सौदा ₹600 नं तोट्यात. 'आता हा सौदा फुकटचा' हे फक्त बाजार चालू असेपर्यंत खरं. वरच्या दिशेला मात्र गॅप आपल्या बाजूनं काम करतो. भाव ₹535 ला उघडला तर दोन्ही लिमिट विक्री ₹510 आणि ₹530 ला नव्हे, ₹535 च्या आसपास जातात. बॅकटेस्टनं हा फायदा धरला आणि खालचा तोटा धरला नाही, तर आकडे फार देखणे दिसतात.

प्रत्यक्षात आणखी एक अडचण आहे. एक्सचेंजवरची स्टॉपलॉस ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते, 3:30 नंतर ती उरत नाही. सकाळी ₹478 चा भाव चालू असताना कोडनं पुन्हा ₹490 ट्रिगरची विक्री टाकली तर ती नाकारली जाते, कारण विक्रीचा ट्रिगर चालू भावाच्या खाली हवा. म्हणून पहिल्या दोन्ही वाटांच्या कोडमध्ये सकाळचा पहिला प्रश्न 'भाव आधीच स्टॉपखाली आहे का?' हाच असला पाहिजे, आणि असेल तर थेट विकून मोकळं व्हायचं.

तिसरी वाट रात्रीच्या पहाऱ्यासाठी बरी. जीटीटी ब्रोकरकडे दिवसेंदिवस टिकते, तुमचा सर्व्हर बंद पडला तरी चालते. पण तिचा स्टॉप लागला की जाते ती लिमिट ऑर्डर. ट्रिगर ₹490 आणि लिमिट ₹488 ठेवलीत तर ₹478 च्या ओपनिंगला ती वरच अडकून पडते. भाव पुढे ₹465 ला गेला तरी माल हातातच, तोटा ₹10,500. लिमिट ₹475 ठेवली असती तर ₹478 च्या आसपास सुटका झाली असती, कारण विक्रीची लिमिट म्हणजे 'याच्या खाली नको' एवढंच. पातळ शेअरमध्ये इतकी खोल लिमिट महागात पडू शकते, आणि लोअर सर्किटला तर घेणाराच नसतो. तिथे कुठलीच ऑर्डर कामाची नाही.

दुसरी खोच ओसीओचीच. जीटीटीत एक पाय *ट्रिगर* झाला की दुसरा जातो, ऑर्डर भरेपर्यंत थांबत नाही. ₹510 ला क्षणभर शिवून भाव फिरला, लिमिट विक्री भरली नाही, की संध्याकाळी ती ऑर्डर रद्द होते आणि स्टॉप तर आधीच गेलेला. म्हणून टार्गेटच्या पायात लिमिट ट्रिगरपेक्षा थोडी खाली ठेवावी, आणि ट्रिगर झाल्यावर ऑर्डर खरंच भरली का हे कोडनं पाहावं.

| प्रसंग | तुकड्यांची ब्रॅकेटं | एक स्टॉप, कमी करत | जीटीटी-ओसीओ |
|---|---|---|---|
| टार्गेट अर्धवट भरलं | चूक एका तुकड्यापुरती | चुकीची किंमत सगळ्या मालावर | स्टॉप आधीच गेलेला |
| रात्रीचा गॅप | सकाळी कोडनं थेट विकावं | तेच | लिमिट खोल असेल तरच |
| कोड बंद पडला | त्या दिवसापुरतं संरक्षण | स्टॉप चुकीच्या संख्येचा राहू शकतो | चालू राहते |

दिवसभर कोड चालू असणार असेल आणि तुकडे दोन-तीन असतील तर पहिली वाट घ्या. रात्री माल ठेवायचा असेल तर 3:30 नंतर उरलेल्या संख्येची, खोल लिमिटची जीटीटी लावा आणि सकाळी कोड ताबा घेण्याआधी ती काढा, नाहीतर एकाच मालावर दोन स्टॉप उभे राहतात. आठ-दहा पायऱ्यांनी माल काढणाऱ्याला तुकड्यांचा पसारा झेपत नाही, त्याला दुसरी वाट धरावी लागते. मग प्रत्येक फिलमागे नेट पोझिशन वाचून स्टॉपची संख्या त्याच्याशी जुळवणं, हेच त्याच्या कोडचं मुख्य काम होऊन बसतं.