‘50 टक्के बचत’ म्हणून विकलेली फाइल मूळ आवाजापेक्षा मोठी निघाली

ज्यांना प्रवासात व्याख्यानं ऐकायची असतात आणि त्यासाठी व्हिडिओतून नुसता आवाज काढून देणारं ॲप जे शोधत असतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी चार महिने पैसे भरत राहिलो आणि त्या पैशांच्या बदल्यात मला जे मिळालं, ते न मिळालेलंच बरं होतं.

संख्याशास्त्राच्या एका अभ्यासक्रमाची 24 व्याख्यानं आमच्या शिक्षकांनी व्हिडिओच्या रूपात आम्हाला उतरवून घ्यायला दिली होती. प्रत्येक व्याख्यान साधारण 90 मिनिटांचं. फळ्यावरचं सगळं माझं एकदा बघून झालं होतं, पण सरांचं समजावणं पुन्हा पुन्हा ऐकायचं होतं, तेही जाता-येता, फोन खिशात ठेवून. व्हिडिओ ठेवायला फोनमध्ये जागा नव्हती. म्हणून आवाज वेगळा काढून देणारं एक ॲप घेतलं. पहिल्याच पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: ‘320 केबीपीएस एचडी ऑडिओ’. त्याखाली ‘स्मार्ट कॉम्प्रेस, 50 टक्के जागेची बचत’. बटणावर ‘मोफत सुरू करा’, आणि बटणाच्या खाली फिकट करड्या अक्षरांत एक ओळ की तीन दिवसांनंतर दर आठवड्याला पैसे कापले जातील. ती ओळ मी वाचली होती. तीन दिवसांत सगळी व्याख्यानं काढून घेऊ आणि ॲप टाकून देऊ, असा विचार केला.

पहिल्या व्याख्यानाची फाइल 216 एमबीची झाली. मला ती मोठी वाटली, पण ‘एचडी’ आहे म्हणजे असेल, असं समजून मी ‘स्मार्ट कॉम्प्रेस’ दाबलं. फाइल 108 एमबीवर आली आणि पडद्यावर हिरव्या रंगात ‘108 एमबी वाचले’ असं झळकलं. काम चोख झाल्यासारखं वाटलं. हे बटण वरच्या दराच्या योजनेतच चालत होतं, म्हणून मी ती योजना घेतली.

खरी गोष्ट कळली ती आवाजाच्या संकलनाचं काम करणाऱ्या मैत्रिणीमुळे. फोन भरला म्हणून मी तक्रार करत होतो. तिने मूळ व्हिडिओ मागून घेतला आणि त्याच्या आत काय आहे ते बघायला संगणकावर एवढंच लिहिलं:

```
ffprobe vyakhyan.mp4
```

उत्तरात एक ओळ आवाजाची होती: `Audio: aac (LC), 44100 Hz, stereo, 128 kb/s`. म्हणजे व्हिडिओच्या आत सरांचा आवाज आधीच दाबलेला होता, सेकंदाला 128 किलोबिट, म्हणजेच 128 केबीपीएस, या मापाने. तिने मला एक साधा हिशेब दाखवला, जो तेव्हापासून मी प्रत्येक वेळी करतो: केबीपीएस गुणिले मिनिटं गुणिले 0.0075, की एमबी मिळतात. 128 गुणिले 90 गुणिले 0.0075 म्हणजे 86.4 एमबी. व्हिडिओत आवाजाने व्यापलेली जागा एवढीच होती.

आता ॲपने काय केलं ते बघा. त्याने 86 एमबीचा आवाज घेतला, तो उलगडला आणि 320 केबीपीएसच्या एमपी3मध्ये पुन्हा भरून 216 एमबीचा केला. दाबताना जे तपशील एकदा टाकून दिलेले असतात, ते मोठ्या फाइलमध्ये ओतल्याने परत येत नाहीत. मग ‘स्मार्ट कॉम्प्रेस’ने तीच फाइल 160 केबीपीएसवर आणली, म्हणजे 108 एमबी. बचत स्वतःच फुगवलेल्या आकड्यातून मोजली होती. मूळ आवाजाशी तुलना केली तर माझी फाइल जवळपास 22 एमबीने वाढली होती, आणि आवाज तीनदा दाबला गेल्यामुळे ‘स’ आणि ‘श’ ऐकताना किंचित खरखर येत होती ती वेगळीच.

मैत्रिणीने 216 एमबीवाली फाइल ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजात खालपासून वरपर्यंत कोणत्या कंपनसंख्या आहेत ते दाखवणारं चित्र, दाखवलं. सुमारे 16 किलोहर्ट्झच्या वर काळोख, आडवी रेघ मारल्यासारखा. मूळ व्हिडिओतल्या आवाजालाही तिथेच तशीच रेघ. खऱ्या 320च्या फाइलमध्ये, मूळ ध्वनी तेवढा भरलेला असेल तर, वरचा भागही बऱ्याच अंशी भरलेला दिसतो. अर्थात माणसाच्या बोलण्यात तिथे फारसं काही नसतंच. म्हणून व्याख्यानासाठी ‘एचडी’ हा शब्दच निरर्थक आहे.

ॲपच्या माहितीच्या पानावर खाली खाली गेल्यावर परवान्यांच्या यादीत एफएफएमपेग हे नाव सापडलं. आवाज आणि व्हिडिओचं रूप बदलून देणारं हे साधन सगळ्यांना मोफत मिळतं. ते वापरून सोयीचं ॲप बनवावं आणि त्याचे पैसे घ्यावेत, यात मला काही गैर वाटत नाही. गैर आहे ते आकडे दाखवून फसवणं. माझा राग त्याचाच आहे.

तेच साधन संगणकावर थेट वापरलं तर आवाज जसाच्या तसा निघतो:

```
ffmpeg -i vyakhyan.mp4 -vn -c:a copy vyakhyan.m4a
```

`-vn` म्हणजे चित्र नको, `copy` म्हणजे पुन्हा दाबू नको. काही सेकंदांत 86 एमबीची फाइल तयार, दर्जा तसूभरही कमी न होता. खरोखर छोटी फाइल हवी असेल तर एकदाच, मूळ व्हिडिओवरूनच दाबायची:

```
ffmpeg -i vyakhyan.mp4 -vn -ac 1 -c:a libopus -b:a 32k vyakhyan.opus
```

बोलणारा माणूस एकच, म्हणून `-ac 1` ने एकच चॅनल. 32 केबीपीएसवर ओपस हा आवाज दाबायचा प्रकार बोलणं स्वच्छ ठेवतो. फाइल सुमारे 22 एमबीची होते आणि माझी सगळी 24 व्याख्यानं जवळपास 520 एमबीत बसली. ॲपच्या ‘बचत’ केलेल्या फाइलींना अडीच जीबीहून जास्त जागा लागत होती. एखाद्या जुन्या प्लेअरवर ओपस वाजत नसेल, तर `libopus` च्या जागी `aac`, `32k` च्या जागी `64k` लिहा आणि फाइलच्या नावाचा शेवट `.m4a` करा. मग 43 एमबीच्या आसपास होते. संगीत असेल तर हे आकडे चालणार नाहीत, तिथे दोन चॅनल आणि जास्त केबीपीएस लागतात.

पैशांचं म्हणाल तर माझी चूक अशी झाली की तिसऱ्या दिवशी मी ॲप फोनवरून काढून टाकलं आणि विषय संपला असं धरलं. ॲप काढल्याने वर्गणी थांबत नाही. ती प्ले स्टोअरच्या खात्यात, `Payments & subscriptions` मध्ये चालूच होती, आणि आयफोनवर ती सेटिंग्जमध्ये स्वतःच्या नावाखाली `Subscriptions` मध्ये असते. बँकेच्या संदेशात ॲपचं नाव नव्हतं, वेगळ्याच कुठल्या तरी कंपनीचं होतं, म्हणून चार महिने लक्षात आलं नाही. तक्रार केल्यावर शेवटच्या आठवड्याचे पैसे परत मिळाले, त्याआधीचे नाहीत.

आता कोणतंही असं ॲप घेताना मी आधी एकच छोटा व्हिडिओ देऊन बघतो. त्यातल्या आवाजाचे केबीपीएस आणि मिनिटं घेऊन एमबी काढतो, आणि तयार झालेली फाइल त्याहून मोठी निघाली तर तिथेच, पैसे कापले जाण्याआधी, वर्गणी रद्द करतो.