ओटीपी खरा होता, पान बनावट होते : बेटिंग खाते रिकामे झाले त्याची हकिकत

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. त्यानंतर अनेक मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले, मात्र वॉलेटमध्ये उरलेली रक्कम काढून घेण्याची सोय चालू ठेवली. लाखो लोकांना एकाच वेळी आपापले पैसे काढायचे होते, आणि कंपनीकडून तसा काहीतरी निरोप येणार हे प्रत्येकाने गृहीत धरले होते. फसवणाऱ्यांना याहून सोयीची वेळ मिळणे कठीण होते. नाशिकमध्ये सातपूरच्या एका कारखान्यात फिटर असलेला माझा मावसभाऊ याच आठवड्यांत फसला. मी एका पतसंस्थेत संगणकाचे काम पाहतो, त्यामुळे त्याचा फोन, मेल आणि सगळे एसएमएस क्रमाने लावून पाहण्याचे काम माझ्याकडे आले. त्यातून जे दिसले ते त्याच्याच संमतीने येथे लिहीत आहे.

क्रिकेटच्या टीम लावण्याच्या एका संकेतस्थळावर त्याच्या खात्यात ३८,४०० रुपये होते. त्याला व्हॉट्सॲपवर निरोप आला की सरकारी आदेशानुसार शिल्लक रक्कम परत केली जात आहे, केवायसी पुन्हा पडताळून न घेतल्यास आज रात्री बारानंतर खाते गोठवले जाईल. सोबत कंपनीचे बोधचिन्ह होते, मराठी स्वच्छ होती आणि खाली लिंक होती. लिंक उघडल्यावर दिसलेले पान हुबेहूब नेहमीचेच होते. त्याने मोबाइल क्रमांक आणि पासवर्ड टाकला, काही क्षणांत ओटीपी आला, तो टाकला. मग पानावर लाल अक्षरांत आले की ओटीपीची मुदत संपली आहे, नवा पाठवला आहे. नवा खरोखरच आला, त्याने तोही टाकला, आणि पानावर ‘२४ तासांत रक्कम जमा होईल’ असे दिसले.

दोन दिवस काहीच जमा झाले नाही, तेव्हा तो माझ्याकडे आला. बनावट पानाची शंका मी बोलून दाखवताच तो म्हणाला, “दादा, पण ओटीपी तर कंपनीच्या नावानेच आला होता ना, मग पान खोटं कसं असेल?” याच एका समजुतीवर ही फसवणूक उभी असते.

बनावट पान स्वतः ओटीपी पाठवत नाही, आणि त्याला त्याची गरजही नसते. आपण त्या पानावर टाकलेला पासवर्ड पलीकडची व्यक्ती किंवा तिने लावलेला प्रोग्राम त्याच क्षणी खऱ्या संकेतस्थळावर टाकतो. खऱ्या कंपनीला वाटते की खातेदारच आत येत आहे, म्हणून ती नियमाप्रमाणे खातेदाराच्या फोनवर खरा ओटीपी पाठवते. आपण तो बनावट पानावर टाकला की तो तसाच पुढे खऱ्या पानावर जातो. बनावट पान आपल्या आणि कंपनीच्या मध्ये दलालासारखे बसलेले असते. म्हणून ओटीपी खरा असण्यावरून समोरचे पान खरे आहे असे मुळीच सिद्ध होत नाही.

त्याच्या फोनवर ते दोन्ही एसएमएस अजून होते, आणि ते मी त्याला मोठ्याने वाचायला लावले. पहिल्यात लॉग-इनसाठीचा ओटीपी असे लिहिले होते. दुसऱ्याचा मजकूर वेगळा होता. रक्कम काढण्यासाठीचा यूपीआय आयडी बदलण्याकरिता हा ओटीपी आहे, हे त्यात स्पष्ट शब्दांत दिलेले होते. म्हणजे पहिल्या ओटीपीची मुदत संपलेलीच नव्हती. पहिल्याने ते खात्यात शिरले होते आणि दुसऱ्याने त्यांनी पैसे कुठे पाठवायचे ते बदलून घेतले. हल्ली फोन एसएमएसमधले आकडे आपोआप उचलून रकान्यात भरू पाहतो, वरचा मजकूर कोणी वाचत नाही, आणि फसवणाऱ्यांना हे पक्के माहीत असते. कोणत्या कामासाठी ओटीपी मागितला आहे हे सांगणारे ते अर्धे वाक्य वाचले असते तर पैसे तेव्हाही वाचले असते. यूपीआय आयडी कोणाच्या नावावर आहे हे खात्याच्या पॅनवरील नावाशी जुळवून पाहण्याची त्या कंपनीची तपासणी सैल होती, हेही नमूद केले पाहिजे. ती नीट असती तर चोराला आत शिरूनही पैसे बाहेर नेता आले नसते.

यूपीआय आयडी बदलल्याची आणि रक्कम काढल्याची सूचना कंपनी मेलनेही पाठवते. ती त्याला का दिसली नाही, हा माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. त्याचा बेटिंग खात्याचा पासवर्ड आणि जीमेलचा पासवर्ड एकच होता, आणि जीमेलला पासवर्डनंतरच्या पडताळणीचा दुसरा टप्पा लावलेलाच नव्हता. चोरांनी तोच पासवर्ड मेलवर चालवून पाहिला आणि तो चालला. त्यांनी मेलमधून काही चोरले नाही, फक्त एक फिल्टर लावला: ज्या पत्रात कंपनीचे नाव असेल ते थेट कचऱ्याच्या पेटीत जावे. संगणकावर जीमेल उघडून सेटिंग्जमध्ये `Filters and Blocked Addresses` हा भाग पाहिला तेव्हा ती एक ओळ तिथे दिसली. ज्याला अशी शंका असेल त्याने हा भाग आणि शेजारचा `Forwarding and POP/IMAP` हे दोन्ही पाहावेत, कारण नुसता पासवर्ड बदलल्याने असा फिल्टर जात नाही. गूगल खात्यात कोणती उपकरणे लॉग-इन आहेत तेही पाहून अनोळखी उपकरण तिथून काढून टाकावे.

त्याचा पासवर्ड तसा कमकुवत दिसत नव्हता. मोठे अक्षर होते, आकडे होते, `@` होते, आणि म्हणूनच तो निर्धास्त होता. पण पासवर्डची लांबी आणि चिन्हे उपयोगी पडतात ती कोणी अंदाजाने किंवा यंत्राने तो शोधू पाहत असेल तेव्हा. आपणच तो बनावट पानावर लिहून दिला तर चाळीस अक्षरांचा पासवर्डही अख्खाच्या अख्खा हाती जातो. तिथे उपयोगी पडते ते त्याचे वेगळेपण, म्हणजे तो पासवर्ड दुसऱ्या कोणत्याही खात्याला न चालणे. इतके वेगवेगळे पासवर्ड लक्षात राहत नाहीत, म्हणून ते पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड साठवून आपोआप भरणाऱ्या ॲपमध्ये, ठेवावेत. त्याचा आणखी एक फायदा असा की तो पासवर्ड पत्त्याशी जोडून ठेवतो. समजा खऱ्या संकेतस्थळाचा पत्ता पहिला आहे आणि निरोपातील लिंक दुसरी आहे:

```
https://khel.example/login
https://khel.example.refund-kyc.test/login
```

डोळ्यांना दोन्हींत `khel.example` दिसते. परंतु `https://` नंतर येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी जे नाव असते तेच खरे मालकाचे नाव, आणि दुसऱ्या ओळीत ते `refund-kyc.test` आहे. त्याच्या डावीकडे काय लिहायचे ते मालकाच्या मर्जीवर असते. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर पत्ता अनेकदा अर्धाच दिसतो, म्हणून माणूस चुकतो, पण पासवर्ड मॅनेजर चुकत नाही. रोज आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला जात नसेल, तर तो हाताने टाकण्यापूर्वी पत्ता पाहावा. पत्त्याशेजारचे कुलूप मात्र पुरावा म्हणून धरू नये, कारण ते मोफत प्रमाणपत्राने बनावट पानालाही मिळते.

दुसऱ्या टप्प्याबाबतही स्पष्ट लिहिणे गरजेचे आहे, कारण ‘टू-फॅक्टर लावा म्हणजे काळजी नको’ असे अर्धेच सांगितले जाते. एसएमएसवरचा ओटीपी सर्वांत कच्चा असतो. आपल्या क्रमांकाचे दुसरे सिम कोणी काढून घेतले किंवा फोनमध्ये एसएमएस वाचणारे ॲप एपीके फाइलमधून बसले तर तो परस्पर जातो. पैशांच्या खेळांची ॲप आपल्याकडे बरीच वर्षे प्ले स्टोअरबाहेरून उतरवावी लागत, त्यामुळे खेळणाऱ्यांना अशी फाइल बसवण्याची सवयच लागलेली आहे आणि तिचा गैरफायदा घेतला जातो. ऑथेंटिकेटर ॲपचा सहा आकडी कोड दर तीस सेकंदांनी बदलतो आणि फोनमध्येच तयार होतो, म्हणून तो या दोन्ही धोक्यांपासून वाचवतो. मात्र तोही बनावट पानावर टाकला तर त्या तीस सेकंदांत पुढे पाठवता येतो. या दलालीला खरोखर रोखते ती पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्ये राहणारी आणि बोटाच्या ठशाने किंवा पिनने उघडणारी किल्ली, कारण ती खऱ्या पत्त्याशी बांधलेली असते आणि दुसऱ्या पत्त्यावर फोन ती पुढे करतच नाही. बेटिंग खात्याला पासकीची सोय नसेल तर निदान ज्या मेलवरून ते खाते पुन्हा उघडता येते त्या मेलला ती लावावी, आणि गूगल देते ते आठ आकडी दहा बॅकअप कोड कागदावर लिहून घरात ठेवावेत.

तो माझ्याकडे आला त्याच दिवशी आम्ही सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन केला, `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवली आणि शहर सायबर पोलीस ठाण्यात एसएमएस व लिंकचे स्क्रीनशॉट दिले. पैसे ज्या खात्यात गेले होते तिथे ९,००० रुपये गोठवता आले. बाकीची रक्कम तोवर पुढे सरकली होती. पहिल्याच तासात फोन झाला असता तर हा आकडा बहुधा मोठा असता. मावसभाऊ आधी यायला कचरत होता, कारण बंदी आल्यावर बेटिंगच्या पैशांची तक्रार केली तर आपल्यावरच गुन्हा लागेल अशी भीती त्याला होती. या नव्या कायद्यात शिक्षा आहे ती असे खेळ चालवणाऱ्यांना, त्यांची जाहिरात करणाऱ्यांना आणि त्यांचे पैशांचे व्यवहार करून देणाऱ्यांना. खेळणाऱ्याला शिक्षेची तरतूद त्यात नाही. या भीतीमुळे गप्प बसलेले आणखी किती जण आपल्या आसपास असतील, याची मला काळजी वाटते.

तक्रारीनंतर काही दिवसांनी त्याला टेलिग्रामवर दुसरा निरोप आला, तुमची अडकलेली रक्कम सोडवून देतो, फक्त जिंकलेल्या रकमेवरचा तीस टक्के कर आधी भरा. एकदा फसलेल्यांचे क्रमांक पुढे विकले जातात, त्यामुळे हा दुसरा फेरा जवळजवळ ठरलेलाच असतो. आयकर कायद्याप्रमाणे ऑनलाइन खेळातील निव्वळ जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के टीडीएस असतो हे खरे आहे, पण तो कंपनी रकमेतूनच कापून घेते. पैसे मिळवण्यासाठी तो आधी कोणाच्या यूपीआयवर पाठवायचा नसतो. या वेळी त्याने लिंक उघडली नाही, निरोपाचा स्क्रीनशॉट काढला आणि तो आमच्या आधीच्या तक्रारीला जोडण्यासाठी सायबर पोलीस ठाण्यात नेऊन दिला.