एकच प्रकल्प, दोन नोंदी: साधनांपासून सुरुवात की परिणामापासून?

समजा, पाच जणांच्या गटाने एका कंपनीची मासिक विक्री-अहवालाची प्रणाली नव्याने बांधली आणि त्यातील डेटाबेसचा भाग तुमच्याकडे होता. रेझ्युमेमध्ये ही नोंद बहुधा अशी होते: “पायथन, पोस्टग्रेस आणि डॉकर वापरून अहवाल प्रणाली विकसित केली.” साधनांची नावे शोधणाऱ्या छाननीला ही नोंद सापडते, पण प्रणाली दहा जण वापरत होते की हजार, आणि त्यात तुमचे काम नेमके कोणते होते, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

दुसरी नोंद अशी: “१२ शाखांच्या विक्री-अहवालाची प्रणाली ५ जणांच्या गटाने नव्याने बांधली; त्यातील डेटाबेसची रचना आणि क्वेरी मी लिहिल्या, त्यामुळे अहवालाचा वेळ ६ तासांवरून ४० मिनिटांवर आला (पोस्टग्रेस, पायथन).” येथे व्याप्ती, गट, वाटा आणि परिणाम एकाच वाक्यात येतात, आणि साधने शेवटी असली तरी शोधात सापडतातच. डॉकर मात्र मी मुद्दाम वगळले, कारण ते सहकाऱ्याने हाताळले होते.

मी दुसरी नोंद निवडेन, परंतु तिची एक अट आहे: ६ तास कुठे मोजले, हे मुलाखतीत सांगता आले पाहिजे. मोजमाप नसेल, तर अंदाजे टक्केवारी रचण्यापेक्षा “हाताने होणारी जुळवणी बंद झाली” असा पडताळता येणारा बदल लिहावा.