हट्टी वय की ओडीडी, म्हणजे मोठ्यांना सतत विरोध करण्याचा विकार? वाट बघायची की आईबापांच्या ट्रेनिंगला जायचं

चार वर्षांच्या पोराच्या हातातून टॅबलेट काढून घेतला की ते जमिनीवर लोळतं, हे दोन वेगळ्या घरांत अगदी सेम दिसू शकतं, त्यामुळे आवाज किती मोठा यावरून काही ठरवू नका. एका घरात दहा मिनिटांत विषय संपतो, पोर खेळायला लागतं, आणि झोप अर्धवट झालेली असली की जास्त बिघडतं. हे त्या वयाचं आहे, चालू द्या.

दुसऱ्या घरात चिडणं, वाद घालणं, मुद्दाम छळणं, आपली चूक दुसऱ्यावर ढकलणं हे सगळं बहुतेक रोज, सहा महिने झाले तरी चालूच, आणि तेही फक्त भावंडाशी नाही तर मोठ्यांशीसुद्धा. डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या निदानाच्या पुस्तकात ओडीडीसाठी 8 पैकी किमान 4 लक्षणं 6 महिने लागतात, पाचच्या आतल्या मुलात बहुतेक दिवस, त्यावरच्या मुलात आठवड्यातून एकदा तरी. शाळेत शहाण्यासारखं वागतो म्हणजे ओडीडी नाहीच असं मात्र नसतं, सौम्य प्रकारात त्रास फक्त घरीच दिसू शकतो.

आता दुसऱ्या घरात नेमकं काय होतं बघा. आई म्हणते बंद कर, पोर किंचाळतं, आई वैतागून म्हणते बरं पाच मिनिटं अजून, पोर गप्प. पोर शिकलं की ओरडलं की मिळतं, आणि आई शिकली की सोडून दिलं की शांतता मिळते, म्हणजे दोघांनाही बक्षीस! मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसनने हेच चक्र दाखवलं आणि पेरेंट मॅनेजमेंट ट्रेनिंग त्यावरच घाव घालतं. म्हणून ट्रेनिंग मुख्यतः आईबापांचं असतं.

सुरुवात शिक्षेने होत नाही, हे ऐकून बरेच बाबा नाराज होतात. आधी रोज 5-10 मिनिटं खेळ, त्यात पोर पुढे, आपण मागे, सूचना नाहीत. कौतुकही नेमकं, "शहाणा" नाही तर "सांगितल्यावर लगेच टॅबलेट दिलास, छान". हे जमलं की मग आज्ञा, एकच आणि स्पष्ट, "टॅबलेट माझ्या हातात दे". "देतोस का?" असं विचारलं तर तो नाही म्हणणारच ना. पाचेक सेकंद गप्प थांबायचं, मग एकदाच इशारा, मग टाइमआउट, साधारण 3 मिनिटं, कंटाळवाण्या जागी, भाषण न देता, आणि संपलं की तीच आज्ञा परत.

इथेच लोक हरतात, कारण सुरुवातीचे काही दिवस किंचाळणं उलट वाढतं. चौथ्या दिवशी हार मानली तर पोर एवढंच शिकतं की अजून जोरात ओरडावं लागतं.

पहिल्या घराने खेळ आणि कौतुक घरीच करून बघावं, क्लिनिकची घाई नको. दुसऱ्या घराने जावं, पण आधी ऐकू येणं, बोलण्यातला उशीर, झोप आणि एडीएचडी तपासून घ्या, ज्याला सूचना नीट ऐकूच येत नाही त्याला टाइमआउट देऊन काय होणार.