ऑड्स रेशो लिहायचा की 100 पैकी किती मुलं ते? शाळागळतीचं लॉजिस्टिक लिहिताना मी काय निवडलं

लॉजिस्टिक चालवलंय, शाळा सोडली हो/नाही, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुलांसाठी ऑड्स रेशो आला 2.5, आता रिपोर्टात वाक्य काय लिहायचं? मी दोन्ही पद्धतींनी लिहून पाहिलंय.

पहिली पद्धत, ऑड्स रेशो तसाच: "वय आणि मुलगा-मुलगी हा फरक धरून, स्थलांतर करणाऱ्या घरातल्या मुलांचे शाळा सोडण्याचे ऑड्स 2.5 पट." वाक्य बरोबर आहे, टेबलातून उचललं की झालं, रिव्ह्यूअरपण खूश. पण वाचणारा "ऑड्स" हा शब्द गिळून टाकतो आणि "अडीच पट मुलं शाळा सोडतात" असंच वाचतो.

माझं घोडं इथेच अडलं. समजा गावातच राहणाऱ्या घरांतली 100 पैकी 40 मुलं गळतात. एका बैठकीत असंच उदाहरण मांडलं तर एक मुख्याध्यापक म्हणाले, "अहो सर, चाळीसचे अडीच पट शंभर, म्हणजे तोडीला गेलेलं एकही पोर शाळेत उरलं नाही का?" मग फळ्यावर करून दाखवावं लागलं. 40 गळतात, 60 टिकतात, म्हणून ऑड्स 40/60 म्हणजे 0.67, त्याचे अडीच पट 1.67, आणि परत प्रमाणात आणलं तर 1.67/2.67, म्हणजे 100 पैकी साधारण 62-63 मुलं. दीड पटच की! आणि 40 ऐवजी 4च मुलं गळत असती तर त्याच 2.5 ने 9 च्या आसपास झाली असती, म्हणजे जवळजवळ खरंच अडीच पट नाही तरी सव्वादोनच्या वर. गळती जितकी जास्त तितका हा आकडा फसवतो.

दुसरी पद्धत, प्रेडिक्टेड प्रमाण. स्टाटात दोन ओळी:

```
logit dropout i.migrant i.girl age
margins migrant
```

हे काय करतं, तर सगळ्या मुलांना आधी "गावातच" धरून प्रत्येकाची शक्यता काढतं नि सरासरी घेतं, मग सगळ्यांना "स्थलांतरित" धरून परत तेच. `i.` लावायला विसरलात तर margins एररच देतं, मी विसरलोय. वाक्य मग सरळ होतं: "बाकी गोष्टी सारख्या असताना गावात राहणारी 100 पैकी 40 तर स्थलांतरित घरांतली 62 मुलं शाळा सोडतात."

अर्थात प्रत्येक वेळी हे चालेलच असं नाही. शाळा सोडलेली 200 आणि शिकणारी 200 अशी मुद्दाम निवडून घेतली असतील तर ते 40-62 तुमच्या निवडीतून आलेले, गावाचे नाहीत, तिथे निमूट ऑड्स रेशोच लिहावा. बाकी वेळी मी तरी रेशो टेबलात ठेवतो, कॉन्फिडन्स इंटरव्हलसकट, आणि मजकुरात मुलं मोजतो. तेव्हापासून फळ्याकडे जावं लागलं नाही बुवा.